'पोलिसांनी चोराला पकडले' याचा प्रयोग गाईडमध्ये कर्मणी दिलाय, मी भावे लिहिलं, चुकलं का?

नाही रे, तुझंच बरोबर आहे. गाईडवाल्याने कर्त्याला 'नी' बघितला, वाक्यात कर्म दिसलं आणि कर्मणी लिहून टाकलं, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय का ते बघितलंच नाही. चोराच्या जागी बाईला, मुलींना काहीही टाक, 'पकडले' तसंच राहतं, नपुंसकलिंगी एकवचनी, म्हणून भावे. आता तो 'ला' काढ, 'पोलिसांनी चोर पकडला, टोळी पकडली', इथे क्रियापद कर्मामागे गेलं, हे कर्मणी. फक्त तपासताना स्त्रीलिंगी शब्द घे, कारण 'पोलिसांनी दोन चोर पकडले' यातलं 'पकडले' अनेकवचनी आहे पण दिसतं सेम, तिथेच मुलं फसतात.