तारखा उलट्या मोजा, मग कामं वाटा

प्रश्न: आम्ही नागपूरला बीकॉमला आहोत, गटात चौघं. सीताबर्डीच्या मेट्रो प्रवाशांचं सर्वेक्षण करायचंय: किमान 40 प्रश्नावल्या, 2500 शब्दांचा अहवाल, मार्गदर्शक मॅडमची सही. आज सोमवार, 1 तारीख. सोमवारी 22 ला जमा करायचंय. कामाची यादी कशी करायची?

उत्तर: आधी सूचनांच्या कागदावर ‘करा’, ‘जोडा’, ‘घ्या’ अशा प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. एका रेघेचं एक काम. मग कागदात न लिहिलेली कामं शोधा, वेळ तीच खातात. स्टेशनच्या आत प्रश्न विचारायचे तर परवानगी लागेल आणि तिला किती दिवस लागतील ते तुमच्या हातात नाही. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही मार्ग तिथे मिळतात, त्यामुळे बाहेर रस्त्यावरही प्रवासी भरपूर भेटतील. परवानगीचा अर्ज आजच द्या, पण बेत बाहेरचाच धरा.

आता तारखा उलट्या मोजा. 20-21 ला शनिवार-रविवार, म्हणजे सही शुक्रवारी 19 लाच हवी. मोकळे दिवस सहीच्या आधी ठेवायचे, नंतर नाही. सुटीतले दोन दिवस मॅडम भेटणार नसतील तर ते राखीव म्हणून मोजूच नका. म्हणून 17 आणि 18 कोरे सोडा आणि अहवाल 16 च्या संध्याकाळी पूर्ण. 13 ते 15 एकानं सगळे भाग एका फाइलीत जोडायचे, 16 ला दुसऱ्यानं वाचायचं. भाग 12 पर्यंत, तक्ते 10 पर्यंत, प्रश्नावल्या 4 ते 8. त्याआधी 2-3 ला प्रश्न तयार करून पाच ओळखीच्यांवर चाचणी. “तुम्ही मेट्रोनं नियमित जाता का?” याला प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो, हे तिथेच कळतं, “आठवड्यात किती दिवस?” असं विचारा.

शीटमध्ये चार रकाने पुरेत: काम, तारीख, जबाबदार, आणि काय दिसलं की काम झालं. ‘सर्वेक्षण सुरू आहे’ असं काही लिहायचं नाही; ‘40 भरलेल्या प्रश्नावल्या ड्राइव्हवर’ असं लिहा. जबाबदार म्हणून एकच नाव. मदत चौघांची असू द्या, पण दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट पाहतात. फाइल जोडणाऱ्याला लिहायचं काम कमी द्या, नाहीतर 13 ला तोच स्वतःच्या भागात अडकलेला असतो. प्रस्तावना आणि पद्धत यांना आकडे लागत नाहीत, ती सर्वेक्षणाच्या दिवसांतच लिहून होतील.

6 ला संध्याकाळी प्रश्नावल्या मोजा. 25 च्या खाली असतील तर 7 आणि 8 ला चौघंही सीताबर्डीला. लेखन दोन दिवस थांबलं तरी 12 पर्यंत भरून काढता येतं. 40 ऐवजी 31 निघाल्या तर नंतर तो आकडा कुठूनच आणता येत नाही, आणि ‘किमान’ हा शब्द मॅडमनीच लिहिलाय.

कोऱ्या दोन दिवसांत काय शिरतं तेही ठरवून ठेवा: मॅडमनी सांगितलेले बदल आणि प्रिंट-बाइंडिंग. 12 नंतर कुणाचा भाग आला तर तो तसाच, न सुधारता फाइलीत जाईल, हे आजच गटात लिहून टाका.