मराठी शिफारसपत्राचं इंग्रजी भाषांतर करताना सरांच्या कौतुकाचं वजन कसं टिकवायचं?

प्रश्न: "आमच्या विभागप्रमुख सरांनी मराठीत शिफारसपत्र दिलंय. माझ्याकडे त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे. परदेशातल्या विद्यापीठासाठी इंग्रजी भाषांतर हवंय. सरांनी केलेलं कौतुक फिकं पडू नये आणि भाषाही औपचारिक राहावी, यासाठी काय करू?"

मी सोलापुरात बरीच वर्षं भाषांतराची कामं करते आणि दर प्रवेशाच्या हंगामात अशी पत्रं माझ्याकडे येतात. आधी विद्यापीठाच्या सूचनांमध्ये एक गोष्ट बघून घ्या. पत्र तुमच्या हातून घेतात, की सरांच्या ईमेलवर लिंक पाठवून थेट त्यांच्याकडून मागतात? थेट मागत असतील तर मूळ पत्र आणि भाषांतर दोन्ही सरांनीच चढवायचं. अर्जदाराने स्वतः केलेलं भाषांतर सगळीकडे चालत नाही, तेही तिथेच कळेल.

आता फोटो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत दबून येते आणि सगळ्यात आधी अनुस्वार आणि मात्रा जातात. पत्र खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल बरोबर वर धरून चारही कडा येतील असा फोटो घ्या आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लेटरहेडची वरची पट्टी आणि खालचा शिक्का कापला गेला तर नव्याने काढा. हाताने लिहिलेल्या पत्रात १ आणि ९, घ आणि ध यांची गल्लत हमखास होते. तारीख ०९/०१ अशी असेल तर भाषांतरात महिन्याचं नाव अक्षरी लिहा, कारण अमेरिकेत आधी महिना वाचतात आणि ९ जानेवारीचा १ सप्टेंबर होतो. तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

खरं काम कौतुकाच्या शब्दांचं आहे. गेल्या वर्षी एका मुलीचं पत्र आलं होतं. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर तिने एम.एस्सी.चा प्रकल्प केला होता. सरांचं वाक्य असं होतं: "सदर विद्यार्थिनी अत्यंत होतकरू व अभ्यासू असून गेल्या बारा वर्षांत मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तिची गणना पहिल्या तिघांत करावी लागेल." तिने आधी एका टायपिंगच्या दुकानातून भाषांतर करून आणलं होतं. त्यात 'होतकरू'चं 'नीडी' झालं होतं आणि पुढचं सगळं वाक्य 'वन ऑफ माय गुड स्टुडंट्स' एवढ्यात आटोपलं होतं.

'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' असे फलक आपण लहानपणापासून वाचतो, त्यामुळे होतकरू म्हटलं की गरिबी डोळ्यांपुढे येते. पण सरांनी लिहिलं होतं ते पुढे नाव काढेल या अर्थाने. तिथे 'प्रॉमिसिंग' हवं, आणि 'अत्यंत' आहे म्हणून त्याच्या आधी 'एक्स्ट्रीमली'ही हवं. 'बारा वर्षं' आणि 'पहिले तिघं' हे तर त्या पत्राचं सोनं होतं. प्रवेश समिती सरांना ओळखत नाही, त्यामुळे सर किती विद्यार्थ्यांमधून हिला निवडतायत हाच समितीसाठी खरा पुरावा असतो. आकडा जसाच्या तसा गेलाच पाहिजे. 'तिघांत'चं 'टॉप स्टुडंट्स' केलं तर कौतुक उतरलं, 'द बेस्ट' केलं तर ते सरांच्या नावावर तुम्ही चढवलं.

माझी पद्धत साधी आहे. पत्राची प्रिंट घेते आणि कौतुकाच्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने एक, दोन किंवा तीन रेघा मारते. 'चांगली' एक रेघ, 'उत्तम' दोन, 'असाधारण' किंवा 'क्वचितच आढळते' तीन. भाषांतर झालं की त्यावरही तशाच रेघा मारते आणि दोन्ही कागद शेजारी ठेवते. जिथे रेघा जुळत नाहीत तिथे मी काहीतरी पाडलं किंवा वाढवलं असतं. बहुतेक वेळा पडलेलं असतं ते छोट्या शब्दांमध्ये: 'कधीही खंड पडू दिला नाही' मधलं 'कधीही', 'स्वतः पुढाकार घेऊन' मधलं 'स्वतः'.

त्याच पत्रात एक अवघड शब्द होता: "तिचे प्रयोगशाळेतील काम समाधानकारक आहे." आपल्याकडच्या जुन्या प्राध्यापकांच्या लेखी समाधानकारक म्हणजे मला समाधान वाटलं. इंग्रजी शिफारसपत्रात 'सॅटिस्फॅक्टरी' म्हणजे जेमतेम, पास होण्याइतकं. वरच्या पहिल्या तिघांशेजारी हा शब्द बसला की वाचणाऱ्याला वाटणार, सर काहीतरी सांगायचं टाळतायत. मी तो शब्द माझ्या मनाने 'एक्सलंट' केला नाही. तसं करायचा हक्क भाषांतर करणाऱ्याला नाही, आणि उद्या मूळ पत्र कोणी वाचून घेतलं तर ती फेरफार ठरेल. मुलीला सांगितलं, सरांना विचार. सर म्हणाले, "अगं, तुझ्या नोंदवहीत मला एक चूक सापडली नाही, म्हणून तसं लिहिलं." मग त्यांनी स्वतः लेटरहेडवर नवं पत्र लिहिलं, त्यात नोंदवहीची ती गोष्ट घातली, सही-शिक्का केला, आणि मी त्या नव्या पत्राचं भाषांतर केलं. तुमच्या पत्रात असा शब्द दिसला तर हाच रस्ता धरा. 'शिफारस करतो' आणि 'मनःपूर्वक शिफारस करतो' यांतही इंग्रजीत मोठं अंतर पडतं. नुसतं 'आय रेकमेंड' तिकडे कोरडं वाटतं. पण सरांनी 'मनःपूर्वक' लिहिलं नसेल तर ते त्यांनीच घालायचं.

औपचारिकपणा टिकवायचा म्हणजे प्रत्येक 'सदर', 'उपरोक्त', 'सबब' उचलून इंग्रजीत न्यायचा नव्हे. तसं केलं की पत्र पंचनाम्यासारखं वाचतं. 'सदर विद्यार्थिनी'च्या जागी 'मिस' आणि आडनाव घाला, इंग्रजीत त्यानेच अदब राहते. 'कु.' आणि 'चि.'चं वेगळं भाषांतर लागत नाही. 'आम्ही' मात्र नीट पाहा. सर एकटे बोलत असतील तर 'आय', आणि विभागाच्या वतीने बोलत असतील तरच 'वुई'. हुद्दा चुकवू नका: सहायक प्राध्यापक 'असिस्टंट', सहयोगी प्राध्यापक 'असोसिएट'. 'विशेष प्रावीण्य' म्हणजे 'डिस्टिंक्शन', त्याचे परदेशी गुण काढून लिहायचे नाहीत. आपल्या विद्यापीठाचं नाव २०१९ पासूनचं पूर्ण, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, असंच रोमन अक्षरांत लिहा. त्याचं भाषांतर करू नका.

शेवटची तपासणी म्हणून इंग्रजी मजकूर अशा मित्राला द्या ज्याने मूळ पत्र पाहिलेलं नाही, आणि सरांनी काय म्हटलंय ते त्याला मराठीत सांगायला लावा. "चांगली मुलगी आहे म्हणतात" असं उत्तर आलं तर परत रेघा मोजायला बसा. मग छापून सरांना वाचायला द्या.

पाठवताना एकाच पीडीएफमध्ये आधी मूळ पत्राचा फोटो, मग भाषांतर. शिक्का आणि सहीच्या जागी चौकटी कंसात 'गोल शिक्का', 'सही' असं इंग्रजीत लिहा. खाली भाषांतर करणाऱ्याचं निवेदन हवं: भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे, त्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क.