दुसरीच्या वाचन-तासाला गोष्टीच्या स्लाइड

'दापोलीजवळ झेडपी शाळेत दुसरीला शिकवते. मोठं चित्र नि एक वाक्य अशा स्लाइड केल्या, पण मुलं वाचत नाहीत, चित्र बघून सांगतात. काय करू?'

बाई, वाक्यातलं सगळं चित्रातच दिसत असेल तर कोण वाचेल? थोडं चित्रातून काढून वाक्यात ठेवा.

वेळासच्या कासवाच्या पिल्लाची गोष्ट घ्या. 'वाळू हलली.' चित्रात नुसती वाळू. 'पिल्लू बाहेर आलं.' चित्रात इवलंसं डोकं. 'समोर खेकडा होता.' इथे अख्खा खेकडा दाखवायचाच नाही. पिल्लू थबकलेलं नि कडेला एक नांगी. कोण आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. मग 'पिल्लू चालत राहिलं.' हे वाक्य दोन-तीनदा येऊ द्या, मागे राहणारी मुलं तिथे हमखास सूर धरतात. शेवटी 'लाट आली.' आणि रिकामा किनारा. पिल्लू कुठे गेलं, ते मुलांना सांगू दे.

स्लाइड उघडताच फक्त वाक्य दिसावं, चित्र क्लिकवर यावं. बाकी नाचरी अक्षरं वगैरे नकोच. खरंच वाचतात का, हे बघायला दुसऱ्या दिवशी त्याच चित्राखाली 'समोर खेकडा नव्हता' लिहा. पाठ म्हणणारं मूल 'होता'च म्हणेल.

वाक्य चित्रावर नको, खाली पांढऱ्या पट्टीत काळ्या अक्षरात, निदान ४४ पॉइंटचं. दोन ओळी झाल्याच तर अंतर वाढवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.