स्ट्रीमिंग बॉक्समधे ४:४:४ ठेवू का ४:२:०?

"जळगावला नवीन फोरके टीव्ही घेतला भाऊ, बॉक्सला ४:४:४ आणि १० बिट ठेवलं तर एचडीआर पिच्चर लागला की स्क्रीन काळी होते, टीव्ही खराब निघाला का?"

टीव्ही बहुतेक चांगलाच आहे भाऊ, तारेतून मावत नाहीये. ४:४:४ म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण जातो, ४:२:२ मधे रंगाची माहिती कमी जाते, ४:२:० मधे अजून कमी. टीव्हीचा पोर्ट एचडीएमआय २.० चा असेल तर त्याची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट, आणि फोरके ६० हर्ट्झला ४:४:४ फक्त ८ बिटमधेच बसतं, १० बिट केलं की वर जातं. बॉक्सला ४:२:२ कर, त्यात १२ बिटपर्यंत त्याच १८ मधे मावतं.

तरी काळी झाली किंवा पांढरे ठिपके चमकले तर केबल कमजोर समज. माझी ५ मीटरची भिंतीतून घेतलेली अशीच करायची, मग ४:२:० दहा बिट केलं, त्याला साधारण ११ गिगाबिट पुरतात, तेव्हापासून शांत. आणि यात नुकसान वाटून घेऊ नको, कारण डिस्क काय नि स्ट्रीमिंग काय, पिच्चर मुळात ४:२:० मधेच साठवलेला असतो, बॉक्स ४:४:४ करतो म्हणजे मधले रंग स्वतः भरतो, नवीन काही येत नाही. कॉम्प्युटर जोडून बारीक लाल-निळी अक्षरं वाचायची असतील तर मात्र ४:४:४ पाहिजेच.

हां, आधी टीव्हीत त्या पोर्टचं एन्हान्स्ड किंवा डीप कलर चालू आहे का बघ, ते बंद असलं तर बऱ्याच टीव्हींवर बॉक्सला १० बिटचा पर्यायच दिसत नाही.