वाशीचा बटाटा बियाण्यासाठी का नको

तुर्भ्याच्या मार्केटातील स्वस्त गोणी गावच्या शेतात लावण्याचा आपला विचार कळला; मीही एकदा तसेच केले होते. कंद दिसायला निर्दोष होते, पण लावणीनंतर दीडेक महिन्याने झाडे हिरवीच असताना दुपारी माना टाकू लागली, आणि काढलेले बटाटे कापल्यावर सालीखाली तपकिरी कडे दिसले. आमच्याकडे यालाच बांगडी म्हणतात.

या रोगाचा जिवाणू बटाट्याच्या आतील नलिकांत राहतो, त्यामुळे बाहेरून धुऊन किंवा औषधात बुडवून तो जात नाही. थंड हवेत वाढलेल्या पिकात तो लक्षणे न दाखवताही दडून राहतो आणि खरिपाच्या उबदार, ओल्या मातीत उसळतो. शंका आल्यास सुकू लागलेल्या झाडाचे खोड बुडाशी कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात लटकवा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली ओघळले, तर तो जिवाणू आहे. धागे दिसले नाहीत म्हणून बियाणे निर्धोक ठरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

म्हणून प्रमाणित बियाणेच घ्या, गोणीवरील लेबल जपून ठेवा आणि शक्यतो ४० ते ५० ग्रॅमचे अखंड कंद लावा, कारण एक रोगट बटाटा कापलेला विळा पुढच्या कित्येक फोडींना लागण देतो. कापावेच लागले, तर प्रत्येक कंदानंतर विळा निर्जंतुक करा. एकदा रोग आलेल्या वावरात टोमॅटो, वांगी, मिरचीही टाळावी. तिथे मका किंवा ज्वारी घ्यावी.