पहिल्या शिट्टीला वीस मिनिटं आणि कडेने वाफ

«3 लिटरचा, बाहेरून झाकण बसणारा कुकर आहे. 3 वाट्या तूरडाळ थेट कुकरमध्ये, तिप्पट पाणी घालून लावते. पहिली शिट्टी यायला वीस मिनिटं लागतात, झाकणाच्या कडेने वाफ जाते आणि शिट्टी झाली की पिवळं पाणी ओट्यावर उडतं. रिंग महिन्यापूर्वीच बदलली. काय चुकतंय?»

आधी भरण्याकडे बघू. वाटी दीडशे मिलीची धरली तर 3 वाट्या डाळ आणि 9 वाट्या पाणी मिळून 1.8 लिटर होतात. 3 लिटर म्हणजे काठोकाठ भरल्यावरचं माप. साधी भाजी किंवा रस्सा असेल तर कुकर दोन तृतीयांशापर्यंत भरलेला चालतो, पण डाळ, तांदूळ, छोले, राजमा असं फुगणारं आणि फेसाळणारं काही थेट शिजवायचं असेल तर निम्म्याच्या वर जायचं नाही. म्हणजे तुमची मर्यादा 1.5 लिटर. वरचा जो 300 मिलीचा भार आहे, त्याच्यामुळे फेसाला जागाच उरत नाही. फेस थेट झाकणाला लागतो आणि वाफेबरोबर शिट्टीखालच्या नळीत चढतो. ओट्यावर उडणारं पिवळं पाणी ते हेच. 2 वाट्या डाळ आणि 6 वाट्या पाणी घेतलं तर 1.2 लिटर होतात. त्यात चमचाभर तेल घाला, फेस बसतो. सोडा मात्र घालू नका, त्याने उलट फेस वाढतो.

ही नळी रोज बघायची सवय लावा. झाकण उचलून ट्यूबलाइटसमोर धरायचं आणि नळीतून आरपार बघायचं. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. माझ्याकडे एकदा तिथे उजेडाची फक्त चंद्रकोर दिसली. आत डाळीचं साल आडवं चिकटून वाळलं होतं, कागदासारखं. जाड सुईने ते ढकललं आणि नळाखाली धरल्यावर नळीतून पाण्याची सरळ धार खाली पडली, तेव्हाच झाकण लावलं. शिट्टीही उलटी करून तिच्या पोटातला डाळीचा थर घासून काढा. शिट्टी चिकटली तर ती वेळेवर उचलली जात नाही.

आता कडेची वाफ. नवीन रिंग आहे म्हणून ती बरोबरच आहे असं धरू नका. एकाच मापाच्या उभ्या आणि पसरट कुकरची रिंगही वेगळी असू शकते, त्यामुळे दुकानात नुसतं «तीन लिटरची द्या» म्हणून चालत नाही, जुनी रिंग किंवा मॉडेलचं नाव घेऊन जा. रिंग खोबणीत कुठेही न फुगता, सैल न लोंबता बसली पाहिजे. रोज काढून धुवा, कारण खोबणीत राहिलेलं तेल आणि डाळ तिला कडक करतं. झाकण घट्ट लावून कुकर ठेवून देऊ नका, रिंग दबून चपटी होते. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या की ती टाकायचीच. फ्रीजरमध्ये ठेवून आवळलेली रिंग एखाद्या दिवसापुरती काम देते, भेगा त्याने भरत नाहीत.

दोष भरण्यात आहे की रिंगमध्ये, हे पाण्यानेच कळेल. रिकाम्या कुकरमध्ये 2 पेले पाणी घ्या, झाकण लावा, शिट्टी ठेवू नका, गॅस मोठा करा. नळीतून वाफेची सलग, जोरदार धार येऊ लागली की मगच शिट्टी ठेवा. आतली हवा आधी बाहेर जायला हवी. ती अडकली तर शिट्टी होते, पण आतलं तापमान हवं तेवढं चढत नाही आणि डाळ दाताखाली कचकचीत राहते. एवढ्या पाण्याला सुरुवातीपासून सहा-सात मिनिटांत शिट्टी आली आणि कड कोरडी राहिली, तर रिंग ठीक आहे आणि दोष भरण्याचाच. कड ओली झाली तर कुठे ते बघा. एकाच जागी असेल तर रिंग फिरवून परत बसवा. तरीही कुकरची तीच बाजू ओली झाली तर कुकरचा काठ ठेचला आहे. ओली जागा रिंगबरोबर सरकली तर रिंगच बदला.

शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर तीन मिनिटांतही चार शिट्ट्या होतात आणि डाळ कच्ची राहते. भिजवलेली तूरडाळ माझ्याकडे बारीक आचेवर आठ मिनिटांत मऊ होते. मग गॅस बंद करून कुकर आपोआप उतरू द्या. डाळ असताना शिट्टी उचलून वाफ सोडली की दाब एकदम पडतो, आतली डाळ उसळून उकळते आणि सगळा फेस पुन्हा त्याच नळीत घुसतो.

कधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर आधी गॅस बंद. कुकर पूर्ण गार झाल्यावर नळी तुंबली होती की पाणी आटलं होतं ते शोधा, आणि त्याच कंपनीचा नवीन व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय कुकर लावू नका.

पाण्याची चाचणी आजच करा आणि कड कुठे ओली झाली ते इथे लिहा.