एकाच वायफायवर असूनही कास्टमध्ये टीव्ही का दिसत नाही?

प्रश्न: टीव्ही आणि मोबाईल एकाच वायफायवर आहेत, दोन्हींवर नेट मस्त चालतं, पण कास्ट दाबलं की टीव्हीचं नावच येत नाही. टीव्ही खराब झाला का? (भुसावळ)

उत्तर: टीव्ही बहुधा चांगला आहे, दुकानात नेण्याची घाई करू नका. कास्ट दाबल्यावर मोबाईल घरातल्या वायफायवर हाक मारतो, ‘कोणी टीव्ही आहे का?’ ही हाक राउटरने टीव्हीपर्यंत पोचवावी लागते. राउटरमध्ये आयसोलेशन चालू असेल तर तो प्रत्येकाला इंटरनेट देतो, पण एकमेकांशी बोलू देत नाही.

खात्री करायला तिसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही व तुमचा मोबाईल दोन्ही त्यावर घ्या. तिथे टीव्ही दिसला तर दोष राउटरच्या सेटिंगचा. अजून एक खूण आहे: टीव्हीवरच्या यूट्यूबमधला ‘टीव्ही कोड’ मोबाईलमध्ये टाकला की जोडणी होते, कारण ती इंटरनेटवरून फिरून येते.

चोपड्याला एका घरी असंच झालं होतं. वर भाडेकरू, म्हणून राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू केलेलं. त्याचा पासवर्ड छोटा, रिमोटने टाकायला सोपा, म्हणून टीव्हीवर तोच टाकलेला. पुढे घरच्या मोबाईलवरही तोच. मोबाईलचा आयपी 192.168.1.5, टीव्हीचा 192.168.1.9, म्हणजे नेटवर्क वेगळं नव्हतं. तरी मोबाईलवरून पिंग केलं तर राउटर (192.168.1.1) उत्तर द्यायचा आणि टीव्ही गप्प. गेस्टमध्ये Allow guests to see each other बंद होतं. ते आम्ही तसंच ठेवलं, नाहीतर भाडेकरूंच्या मोबाईलमध्येही यांचा टीव्ही दिसला असता. टीव्ही आणि घरचे मोबाईल मुख्य वायफायवर घेतले आणि टीव्हीचं नाव लगेच आलं.

तुमचं सगळं आधीच मुख्य वायफायवर असेल तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडा आणि वायरलेसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये AP Isolation किंवा Client Isolation शोधा. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झसाठी ते वेगवेगळं असू शकतं, म्हणून दोन्हीकडे बघा. बंद करून सेव्ह केलं की मोबाईलचं वायफाय एकदा बंद-चालू करा. फायबरवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये ग्राहकाच्या लॉगिनला हा पर्याय कधी कधी दिसतच नाही. मग त्यांना नुसतं ‘कास्ट होत नाही’ सांगू नका, ते नेटचा स्पीड बघून परत जातील. ‘माझ्या वायफायचं एपी आयसोलेशन बंद करून द्या’ असं स्पष्ट सांगा.

होस्टेल किंवा लॉजचं वायफाय असेल तर ते हे बंद करणार नाहीत आणि करूही नये. तिथे टीव्हीला मिराकास्ट असेल तर ते वापरा. त्यात मोबाईल राउटरला वगळून थेट टीव्हीशी जोडला जातो, फक्त मोबाईलमध्येही ती सोय हवी. आयफोनमध्ये ती नसते, तिथे एचडीएमआय ॲडॉप्टर लागेल.